सातबाऱ्यावरचं १.०५.५० परदेशी वाचकासाठी कसं लिहायचं

मुलगा जर्मनीला किंवा अमेरिकेला शिकायला निघाला की घरातल्या फायलीतून तेच कागद बाहेर येतात: वडिलांचा सातबारा, उत्पन्नाचा दाखला, जन्मदाखला. मी हे कागद बरीच वर्षं मराठीतून इंग्रजी आणि जर्मनमध्ये करते. शब्दांचा फारसा त्रास होत नाही. ‘पोटखराब’ला काय म्हणायचं हे एकदा ठरवलं की ठरलं. घोटाळा होतो तो आकड्यांत, कारण आकडा सगळ्यांनाच वाचता येतो असं आपण धरून चालतो.

पहिला नियम आधी सांगते, कारण नेटवर याच्या बरोबर उलटा सल्ला मिळतो. प्रमाणित भाषांतरात मूळ आकडा काढून त्याच्या जागी ‘तिकडचा’ आकडा बसवायचा नाही. मूळ परिमाण ठेवायचं आणि रूपांतर चौकोनी कंसात, भाषांतरकाराची टीप म्हणून द्यायचं. समोरचा अधिकारी मूळ कागद आणि तुमचं भाषांतर शेजारी ठेवून एकेक आकडा जुळवत असतो. एकराचं तुम्ही परस्पर चौरस मीटर करून टाकलंत तर त्याला जुळवायला काही उरतच नाही.

तारखेचा प्रश्न दोन ओळींत मिटतो. महिना अक्षरांत लिहा. जन्मदाखल्यावरची ०३/०४/१९९८ आपल्याला ३ एप्रिल दिसते, अमेरिकेत तीच ४ मार्च होते. `3 April 1998` लिहिलं की वादच नाही. फक्त वर्षाच्या जोडीकडे लक्ष ठेवा. दाखल्यावर ‘२०११-१२’ असेल तर परदेशी वाचक त्याचा डिसेंबर २०११ करू शकतो, म्हणून `2011–2012` असं पूर्ण लिहा आणि ते कुठलं वर्ष तेही सांगा. उत्पन्नाच्या दाखल्यावरचं आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होतं, महसुली वर्ष १ ऑगस्टला. एकाच फायलीत दोन्ही असतात.

रकमेत मूल्य बदलायचं नाही, फक्त स्वल्पविराम हलवायचे. १८,४०,०००/- हे अमेरिकेसाठी `INR 1,840,000`, जर्मनीसाठी `1.840.000 INR`. शेवटची ती तिरकी रेघ आणि आडवी रेघ गाळा, तिकडे तिचा अर्थ कुणाला लागत नाही. अक्षरी रकमेतला ‘लाख’ तसाच ठेवून कंसात दशलक्षांत द्या. कोटींचे व्यवहार असतील तर जर्मनमध्ये जपून: तिथला ‘बिलियन’ म्हणजे आपले एक लाख कोटी. अमेरिकेचा बिलियन शंभर कोटींचा आणि त्याला जर्मन शब्द ‘मिलियार्ड’. रुपयांचे डॉलर किंवा युरो करून द्या म्हणून आग्रह झाला तर मी सरळ नाही म्हणते. तो आकडा सीएच्या दाखल्यात शोभतो, तिथे दर आणि दराची तारीख लिहून त्याखाली कुणीतरी सही करतं. भाषांतरकाराने आज काढलेला दर महिनाभराने, फाईल उघडली जाईल तेव्हा, चुकीचा ठरलेला असतो.

आता क्षेत्र. इथे मी स्वतः आपटले आहे, म्हणून सावकाश.

सातबाऱ्यावर क्षेत्र असं असतं: १.०५.५०. हा दशांश अपूर्णांक नाही आणि हजार-लाखांचे गटही नाहीत. तीन वेगळी एककं बिंदूंनी शेजारी बसवली आहेत: १ हेक्टर, ५ आर, ५० चौरस मीटर. सुरुवातीच्या काळात एका जर्मन वाचकासाठी मी हा आकडा ‘जसाच्या तसा’ उतरवला, कारण मूळ आकड्याला हात लावायचा नाही हे मला तेव्हाही ठाऊक होतं. आठवड्याने विचारणा आली: क्षेत्राच्या रकान्यात १ मे १९५० ही तारीख का आहे? जर्मन माणूस तारीख बिंदूंनीच लिहितो, त्यामुळे त्याचं काहीच चुकलं नव्हतं. मी घाईघाईने दुरुस्ती पाठवली ती आणखी वाईट होती. त्याच सातबाऱ्यावरच्या एकूण क्षेत्राचं, १.०९.७० चं, मी `1.097 ha` करून दिलं. जर्मनीत दशांशाला स्वल्पविराम आणि हजाराला बिंदू असतो. त्या कुटुंबाचं सव्वा हेक्टरही नसलेलं रान कागदावर एक हजार सत्त्याण्णव हेक्टर झालं.

तेव्हापासून मी प्रत्येक क्षेत्र आधी शब्दांत फोडते आणि मगच आकडा लिहिते. त्याच सातबाऱ्यावर पूर्ण करून दाखवते. लागवडीयोग्य क्षेत्र १.०५.५०, पोटखराब ०.०४.२०, एकूण १.०९.७०.

एक हेक्टर म्हणजे १०० आर आणि एक आर म्हणजे १०० चौरस मीटर. दोन्ही पायऱ्या शंभराच्या असल्यामुळे एक सोय होते: दुसरा बिंदू पुसला की थेट दशांश हेक्टर मिळतात. १.०९.७० चे १.०९७० हेक्टर, म्हणजे १०,९७० चौरस मीटर. बेरीजही अशीच ताडायची: १.०५५० अधिक ०.०४२० बरोबर १.०९७०. मूळ कागदावरच बेरीज जुळत नसेल तर तुम्ही ती दुरुस्त करायची नाही. आहे तसं लिहून, मुळात असंच आहे, अशी टीप द्यायची.

भाषांतरात हे असं दिसतं, आधी इंग्रजी, मग जर्मन:

```
1 hectare 9 are 70 sq. m [= 1.0970 ha; approx. 2.71 acres]
1 Hektar 9 Ar 70 m² [= 1,0970 ha]
```

शेवटचं शून्य मी मुद्दाम ठेवते. ते उडवलं की जर्मन वाचकाला चालतं, पण मूळ कागदाशी जुळवताना ‘७०’ सापडत नाही. एकर मात्र दोन दशांशांपर्यंतच द्या. १०,९७० ला ४,०४६.८६ ने भागलं की कॅल्क्युलेटर २.७१०७४ वगैरे दाखवतो. ती शेपटी कागदावर लिहिली तर जमीन तितक्या बारकाईने मोजली आहे असं वाटतं, आणि तशी ती मोजलेली नसते.

आता या रकान्यातले सापळे. पहिला गुंठ्याचा. गावाकडे आर आणि गुंठा एकच समजतात, बोलण्यात ते खपूनही जातं. आर १०० चौरस मीटरचा, गुंठा १,०८९ चौरस फुटांचा म्हणजे १०१.१७ चौरस मीटरचा. आमच्या उदाहरणात १०९.७० आर म्हणजे १०८.४३ गुंठे. आरला गुंठा म्हटलं असतं तर २.७१ एकराऐवजी २.७४ एकर झाले असते. फरक लहान आहे, पण मूल्यांकनाच्या अहवालात २.७१ आणि भाषांतरात २.७४ दिसले की अधिकारी नेमकं तेवढंच विचारतो.

दुसरा सापळा बिनशेतीचा. शेतजमिनीचं क्षेत्र हेक्टर-आर-चौरस मीटरमध्ये असतं, बिनशेती जमिनीचं नुसतं आर-चौरस मीटरमध्ये. त्यामुळे १०.९७ असा आकडा दिसला तर आधी वर छापलेलं एकक वाचा. ‘आर.चौ.मी.’ असेल तर ती १० आर ९७ चौरस मीटर, म्हणजे १,०९७ चौरस मीटरची जागा आहे. हेक्टर समजून लिहिलंत तर प्लॉट शंभरपट मोठा होतो.

तिसरा सापळा जुन्या, हाताने लिहिलेल्या उताऱ्यांचा, आणि मला सर्वांत जास्त भीती याचीच वाटते. त्यात एकर-गुंठे असतात आणि एका एकरात गुंठे चाळीसच असतात. तिथे शंभराची सोय चालत नाही. ‘२-२८’ म्हणजे २.२८ एकर नव्हे, २ अधिक २८ भागिले ४०, म्हणजे २.७० एकर. रकान्याचं शीर्षक फाटलेलं किंवा पुसट असेल तर दुसऱ्या जागेवरचे सगळे आकडे नजरेखालून घाला. त्यात एखादा जरी ३९ च्या वर गेला तर ते गुंठे असूच शकत नाहीत, तो आर आहे. सगळेच ३९ च्या आत असतील तर एवढ्यावर निकाल लावू नका, त्याच गटाचा अलीकडचा उतारा मागवा. हेक्टर-आर असलेल्या जुन्या उताऱ्यातही तलाठ्याने ‘१-५’ लिहिलेलं असतं. ते १ हेक्टर ५ आर, म्हणजे १.०५. दीड हेक्टर नव्हे. शिवाय देवनागरी १ हा इंग्रजी `9` सारखा दिसतो. इंग्रजी आकड्यांची सवय असलेल्या टायपिंगवाल्याकडून काम करून घेतलंत तर प्रत्येक १ स्वतः तपासा.

क्षेत्राजवळच ‘आकार’ असतो, तोही बिंदूने लिहिलेला. ती जमिनीची आकारणी आहे, रुपये आणि पैसे. तिला हेक्टर लावलेलं भाषांतर मी पाहिलेलं आहे, तेही शिक्क्यासकट.

एकत्र खातं असेल तर एकूण क्षेत्र वडिलांच्या नावावर चढवू नका. नावासमोर स्वतंत्र क्षेत्र दिलेलं असेल तर ते लिहा. सगळी नावं एकाच क्षेत्राला कंस घालून लिहिलेली असतील तर तो कंसही भाषांतरात आला पाहिजे. वाटा काढून देणं आपलं काम नाही, पक्षकाराने कितीही गळ घातली तरी.

आणि हे सगळं एक्सेलमध्ये उतरवणार असाल तर आकडे भरण्याआधी तो रकाना मजकूर म्हणून ठरवून घ्या. जर्मन मांडणीच्या संगणकावर `1.05.50` टाईप केलं की एक्सेल त्याची तारीख करून टाकतं. अमेरिकन मांडणीत `03/04/1998` चा मार्च होतो आणि `13/04/1998` मात्र तसाच राहतो, कारण तेरावा महिना नसतो. रकान्यात काही तारखा उजवीकडे आणि काही डावीकडे चिकटलेल्या दिसल्या की हेच झालं आहे असं समजा. उजवीकडच्या सगळ्या मूळ कागदावरून पुन्हा भरा.