८०५१ची पिन वाचताना या चुका टाळा: बटण 'दाबलेलंच' का राहतं?

P1.0 ला बटण, त्याचं दुसरं टोक ग्राउंडला. P1.7 वर एलईडी. बोर्ड चालू केल्यावर सगळं ठीक चालतं, पण एकदा बटण दाबून सोडलं की प्रोग्रॅमला ते कायम दाबलेलंच दिसतं. बहुतेकजण आधी बटण बदलतात. दोष मात्र कोडमध्ये असतो.

८०५१मध्ये पिन इनपुट की आउटपुट हे ठरवणारं वेगळं रजिस्टर नसतं. प्रत्येक पिनमागे एक लॅच असतो. त्यात ० लिहिला की आतला ट्रान्झिस्टर चालू होऊन पिनला थेट ग्राउंडला ओढून धरतो, मग बाहेर काहीही घडो, वाचल्यावर ०च मिळतो. १ लिहिला की तो ट्रान्झिस्टर बंद होतो आणि पिन फक्त एका कमजोर पुल-अपवर वर राहते. हा पुल-अप इतका कमजोर असतो की पिन खाली धरायला एटी८९एस५१च्या डेटाशीटप्रमाणे जास्तीत जास्त ५० मायक्रोअँपिअर ओढावे लागतात. बटण हे सहज करतं. म्हणून वाचण्याआधी लॅचमध्ये १ हवाच.

रीसेटनंतर सगळे लॅच 0xFF असतात, म्हणून १ न लिहिताही सुरुवातीला काम भागतं. `P1 = 0x00;` लिहून 'पोर्ट साफ' करणाऱ्यांची चूक लगेच उघडी पडते. खरी फसवणूक इथे आहे:

```
t = P1;
t ^= 0x80;
P1 = t;
```

हेतू एलईडी पालटण्याचा. पण `t = P1` लॅच वाचत नाही, प्रत्यक्ष पिन वाचतं. त्या क्षणी बटण दाबलेलं असेल तर P1.0 चा ० `t` मध्ये येतो आणि तिसऱ्या ओळीत लॅचमध्ये जाऊन बसतो. बोट उचललं तरी आता चिप स्वतःच पिन खाली धरून बसलेली असते. एलईडी पालटत राहतो, त्यामुळे संशयही येत नाही.

उपाय:

```
P1 ^= 0x80;
```

याचं कंपायलर सहसा `XRL P1,#80H` करतो. ही सूचना पिन न वाचता लॅच वाचते. `SETB`, `CLR`, `CPL`, `ANL`, `ORL` याही पोर्टवर तशाच चालतात. `MOV A,P1` आणि `JB` मात्र पिन पाहतात. शंका असेल तर लिस्टिंग फाइल उघडून बघा. एलईडींचा पूर्ण पॅटर्न लिहायचा असेल तर `P1 = pattern | 0x01;` करा.

निदान मल्टिमीटरने होतं. बटण सोडलेलं असताना P1.0 वर ५ व्होल्टच्या आसपास दिसायला हवं. जवळजवळ ० दिसलं तर बटणाची वायर काढून पुन्हा मोजा. तरीही ० असेल तर `SETB P1.0` चालवा. पिन वर आली तर लॅचच अडकला होता. नाही आली तर ट्रॅकचा शॉर्ट किंवा जळालेली पिन शोधा.

बटणाऐवजी स्वतः ५ व्होल्ट ढकलणारं सेन्सर आउटपुट असेल तर हीच चूक महाग पडते. लॅचमध्ये ० असताना सेन्सर आणि चिप एकमेकांशी भांडतात आणि पिनची १० मिलिअँपिअरची मर्यादा ओलांडली जाऊ शकते. अशा ठिकाणी मध्ये १ किलोओहमचा रेझिस्टर टाकावा. आणि बटण P0 वर असेल तर तिथे आतला पुल-अपच नसतो. १ लिहिल्यावर पिन तरंगते, म्हणून बाहेरून १० किलोओहम जोडावाच लागतो.