टेलिग्रामवर ओळखीच्यांना नंबरावरून सापडायचे, पण फोनमधली सगळी यादी द्यायची नाही: हे कसे करावे

टेलिग्राम घेतल्यावर मित्रांना आपण दिसावे म्हणून ‘काँटॅक्ट सिंक करून टाका’ असा सल्ला सर्रास दिला जातो. तो अर्धवट आहे, कारण त्यात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. आपल्या फोनमधली नावे व नंबर टेलिग्रामच्या सर्व्हरवर पाठवणे ही एक गोष्ट, आणि आपला नंबर ज्याच्याकडे आहे त्याला आपले खाते सापडू देणे ही दुसरी. आपण सापडावे म्हणून आपली यादी पाठवण्याची मुळीच गरज नसते. मित्राच्या फोनमध्ये तुमचा नंबर असेल, त्याने स्वतःचे काँटॅक्ट सिंक केलेले असतील आणि तुमच्या सेटिंगने आडकाठी केली नसेल, तर तुम्ही त्याला दिसता. उलट, आपले सिंक बंद केले म्हणजे आपण लपलो, ही समजूतही तितकीच चुकीची आहे.

ॲप टाकणे, नंबर भरणे आणि एसएमएसने आलेला कोड देणे यात सांगण्यासारखे काही नाही. त्यानंतर ॲप काँटॅक्ट वापरण्याची परवानगी मागेल, तेव्हा सध्या नकार द्यावा. परवानगी नंतर केव्हाही देता येते. एकदा वर गेलेली यादी मात्र आठवणीने पुसावी लागते. खाते उघडताच, ज्यांच्या यादीत तुमचा नंबर आहे त्यांच्यापैकी बऱ्याच जणांना तुम्ही टेलिग्रामवर आल्याची सूचना जाते, हेही आधीच गृहीत धरावे.

आता `Settings`, त्यात `Privacy and Security` आणि त्यात `Phone Number` उघडावे. मलाही नीट उलगडायला वेळ लागला तो टप्पा हाच, म्हणून येथे सावकाश जावे. पहिला प्रश्न दिसतो तो `Who can see my phone number` हा. त्याला `Everybody`, `My Contacts` आणि `Nobody` अशी तीन उत्तरे आहेत. बहुतेक लोक मधले उत्तर निवडून बाहेर पडतात आणि आपण सुरक्षित झालो असे मानतात. पण हा प्रश्न फक्त नंबर दिसण्यापुरता आहे. ज्याला तुमचा नंबर आधीच ठाऊक आहे, किंवा ज्याने तो अंदाजाने स्वतःच्या यादीत भरला आहे, त्याला तुमचे खाते सापडते की नाही, याचा निर्णय येथे होत नाही.

तो निर्णय `Who can find me by my number` या दुसऱ्या प्रश्नात होतो, आणि पहिल्या प्रश्नाला `Nobody` असे उत्तर दिल्याशिवाय हा दुसरा प्रश्न पडद्यावर येतच नाही. ‘माझ्या फोनवर तो पर्यायच नाही’ असे सांगणारे बहुतेक जण येथेच अडलेले असतात. `Nobody` हा शब्द वाचून घाबरू नये. ज्यांना तुम्ही स्वतःहून यादीत घेतले आहे आणि ज्यांच्याकडे तुमचा नंबर आहे, त्यांना त्यामुळे काही अडचण येत नाही.

दुसऱ्या प्रश्नाला दोनच उत्तरे आहेत. `Everybody` निवडले तर तुमचा नंबर स्वतःच्या यादीत भरणाऱ्या कोणालाही तुम्ही सापडता. `My Contacts` निवडले तर तुमच्या टेलिग्राम यादीत जे आहेत त्यांनाच सापडता. खरी देवघेव येथे आहे आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नाही: तुमचे ओळखीचे कोण, हे टेलिग्रामला माहीत असेल तरच दुसरे उत्तर उपयोगी पडते. अनोळखी माणसापासून लपायचे तर ओळखीच्यांची यादी कंपनीला सांगावी लागते, आणि ती सांगायची नसेल तर अनोळखी माणसालाही सापडण्याची तयारी ठेवावी लागते. सिंक बंद, टेलिग्राममधली यादी रिकामी आणि उत्तर `My Contacts` अशी मांडणी केली, तर नंबर असूनही कोणालाच तुम्ही सापडणार नाही. ‘सगळे बरोबर केले तरी मैत्रिणीला मी दिसत नाही’ अशी तक्रार असेल, तर प्रथम हेच तपासावे.

अनोळखी माणसाला आपला नंबर कशाला माहीत असेल, असे कोणी विचारते. त्याला तो माहीत असण्याची गरजच नसते. भारतातले मोबाइल नंबर दहा अंकी आणि ६ ते ९ यांपैकी एका अंकाने सुरू होणारे आहेत. यंत्राने ओळीने हजारो नंबर एका यादीत भरावेत, ती यादी सिंक करावी आणि कोणत्या नंबरापुढे खाते उगवते ते पाहावे, इतका हा प्रकार सोपा आहे. २०१९ मध्ये हाँगकाँगच्या आंदोलनात, मोठ्या गटांमधल्या आंदोलकांचे नंबर याच मार्गाने उघड होऊ शकतात हे लक्षात आल्यावर, त्याच वर्षी टेलिग्रामने नंबरावरून शोधण्यावर बंधन घालण्याची ही सोय आणली. व्हॉट्सॲपच्या बाबतीत व्हिएन्ना विद्यापीठातील संशोधकांनी २०२५ मध्ये हेच तंत्र वापरून साडेतीन अब्ज खाती मोजून दाखवली. ‘माझा नंबर मी कोणाला देत नाही’ हे उत्तर म्हणूनच पुरेसे नाही.

आता यादी द्यायची तर किती द्यावी, हा प्रश्न उरतो. सिंक केल्यावर टेलिग्रामकडे प्रत्येकाचा नंबर आणि तुम्ही लिहिलेले नाव जाते. त्यापलीकडचा तपशील ठेवत नाही, असे कंपनीच्या गोपनीयता धोरणात लिहिलेले आहे. ‘फक्त नाव आणि नंबर’ हे ऐकायला किरकोळ वाटते. स्वतःची यादी उघडून आपण नावे कशी लिहिली आहेत ते वाचावे: ‘डायलिसिस डॉक्टर’, ‘वकील घटस्फोट’, ‘सावकार’, ‘आशा पोळीवाल्या मावशी’, ‘रमेश दारू सोडली’. त्या माणसाबद्दलची माहिती नंबराच्या शेजारी आपणच लिहून ठेवलेली असते, आणि ती पुढे पाठवताना त्याला कोणी विचारलेले नसते. जे टेलिग्राम वापरतही नाहीत त्यांचेही नंबर जातात. मित्रांना आमंत्रण देण्याच्या पडद्यावर, टेलिग्रामवर नसलेल्या माणसाच्या नावापुढे त्याच्या किती ओळखीचे तेथे आहेत याचा आकडा दिसू शकतो. तो आकडा इतरांनी पाठवलेल्या याद्यांवरूनच काढलेला असतो.

म्हणून माझे ठाम मत असे आहे की पूर्ण सिंक करूच नये. हवी तेवढीच माणसे हाताने भरावीत. एक उदाहरण घेऊ. एका शिक्षिकेच्या फोनमध्ये चारशे नंबर आहेत, त्यांतले निम्म्याहून अधिक पालकांचे. तिला कॉलेजच्या दहा-बारा मैत्रिणींना सापडायचे आहे, पालकांना नाही. तिने पहिल्या प्रश्नाला `Nobody` आणि दुसऱ्याला `My Contacts` असे उत्तर द्यावे. मग `Privacy and Security` मध्येच `Sync Contacts` बंद असल्याची खात्री करावी. आयफोनवर हा पर्याय `Data Settings` च्या आत असतो. नंतर टेलिग्रामच्या काँटॅक्टच्या पानावरून `New Contact` घेऊन त्या मैत्रिणींची नावे आणि नंबर एकेक करून भरावेत. काम दहा मिनिटांचे आहे, आणि पालकांपैकी एकाचेही नाव कोठे जात नाही. आयफोनवर आयओएस १८ पासून ॲपला संपूर्ण यादीऐवजी निवडक काँटॅक्टच दाखवण्याची सोय आहे. तीही वापरता येईल.

जिने आधीच सिंक केलेले असेल तिने क्रम पाळावा: प्रथम `Sync Contacts` बंद करावे, मग `Delete Synced Contacts` दाबावे, आणि त्यानंतरच हाताने भरायला घ्यावे. सिंक चालू ठेवून पुसले तर यादी पुन्हा वर जाते. नुसती फोनच्या सेटिंगमधून परवानगी काढून घेतली तर पुढची भर थांबते, पण आधी गेलेली नावे सर्व्हरवर तशीच राहतात. ‘परवानगी काढा, झाले’ असा सल्ला देणारे ही गोष्ट सांगत नाहीत.

नंबर भरताना तो `+91` पासून भरावा. परदेशात आपली माणसे असतील तर त्यांनाही हे सांगावे, कारण अमेरिकेतले नंबरही दहाच अंकी असतात. न्यू जर्सीतल्या मावशीने तुमचा नंबर देशाच्या कोडशिवाय ठेवला असेल, तर ॲप तो तिकडचा समजू शकते. मग तुम्ही तिला सापडत नाही, किंवा तुमच्या नावाखाली भलतेच कोणी दिसू लागते.

टेलिग्राममध्ये एखाद्या गटातल्या अनोळखी माणसाला काँटॅक्ट म्हणून जोडताना `Share My Phone Number` अशी खूण दिसते. ती आधीच केलेली असू शकते. ती काढल्याशिवाय पुढे जाऊ नये, कारण वरची सगळी सेटिंगे बाजूला ठेवून तुम्ही स्वतःच त्या माणसाला नंबर देत असता.

हे झाल्यावर पडताळणी करावी, आणि ती दोन फोनांवर करावी. जिचे नाव तुम्ही भरले आहे अशा मैत्रिणीला, सिंक चालू ठेवून, तुम्ही दिसता का ते विचारावे. मग ज्याचे नाव तुमच्या टेलिग्राम यादीत नाही आणि ज्याने तुमचा नंबर आजवर कधीच ठेवलेला नव्हता, अशा घरातल्या माणसाला तो नव्याने भरायला सांगून पाहावे. त्याला तुम्ही दिसू नये. जुन्या ओळखीच्या माणसाच्या फोनवर ही चाचणी घेऊ नये: सेटिंग बदलण्यापूर्वी ज्याला तुम्ही सापडला होता, त्याच्या यादीत तुम्ही राहू शकता, आणि सेटिंग चालत नाही असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

नंबर बदलायचा असेल तर जुने सिम हातात असतानाच `Change Number` वापरावे. त्यात एक गोष्ट लक्षात ठेवावी: जुना नंबर ज्यांच्याकडे होता आणि ज्यांना तुम्ही ब्लॉक केलेले नाही, अशा तुमच्या टेलिग्राममधल्या ओळखीच्यांना नवा नंबर आपोआप जातो. ज्यांना तो जायला नको त्यांना आधी ब्लॉक करावे. आणि खाते जुन्याच नंबरावर ठेवून सिम सोडून देऊ नये. बंद झालेले नंबर कंपन्या काही काळाने दुसऱ्या ग्राहकाला देतात, आणि मग तुमच्या खात्याचा लॉगिनचा एसएमएस त्या ग्राहकाच्या फोनवर येऊ शकतो. `Two-Step Verification` मध्ये पासवर्ड लावलेला असेल, तर नुसत्या त्या कोडवर त्याला तुमच्या खात्यात शिरता येत नाही.