दूध बिलाची बेरीज जुळत नाही तेव्हा: खतावणीतील या चुका टाळा

कोल्हापूर जिल्ह्यातील गावोगावच्या दूध संस्थांमध्ये बिल दर दहा दिवसांनी निघते. सकाळ आणि संध्याकाळ अशा वीस पाळ्यांचे लिटर, फॅट आणि एसएनएफ यांवरून प्रत्येक सभासदाची एकूण रक्कम निघते, तीतून पशुखाद्याची उधारी आणि उचलीचा हप्ता वजा होतो आणि उरलेली निव्वळ रक्कम बिल पत्रकात येते. त्यानंतर पत्रकातील प्रत्येक रक्कम सभासदाच्या खात्यावर खतावली जाते. ज्या संस्थेत हे शेवटचे काम अजून हाताने होते, तेथे घोटाळा बहुधा याच टप्प्यावर होतो. पुढील गोष्ट अशाच एका संस्थेतील लिपिकाची आहे. ती कल्पित असली तरी तिच्यातील चूक रोजच्या व्यवहारातली आहे.

त्या दहावड्याच्या बिल पत्रकात 186 सभासदांची निव्वळ बेरीज 5,36,418 रुपये होती आणि खातेवहीतील जमा रकमांची बेरीज 5,36,148 रुपये भरली. फरक 270 रुपयांचा होता. बँकेत पाठवायची यादी खातेवहीवरून तयार होत असल्याने ती त्याच संध्याकाळी जुळवणे भाग होते. सचिव म्हणाले, “ताई, पाच लाखांत पावणेतीनशेचा फरक. किरकोळ फरकाला टाका आणि यादी जाऊ द्या.”

पहिली टाळायची चूक हीच आहे. बेरजेतील फरक लहान असला म्हणजे त्यामागची चूक लहान असतेच असे नाही, कारण एका खात्यावर दोन हजार कमी आणि दुसऱ्यावर सतराशे तीस जास्त पडले तरी वर दिसतात ते 270 रुपयेच. शिवाय फरक किरकोळ खात्याला टाकला की ज्या सभासदाचे पैसे कमी पडले आहेत त्याचे ते कमीच राहतात; पत्रक मात्र जुळल्यासारखे दिसते.

लिपिकाने थेट 186 नावे तपासायला घेतली नाहीत. दोन्ही बेरजा शेजारी ठेवल्या तर 418 आणि 148 यांतील पहिले दोन अंकच जागा बदललेले दिसतात, त्यामुळे एखाद्याला वाटेल की बेरीज उतरवतानाच आकडे उलटले. तिनेही तसे धरून खातेवहीची बेरीज पुन्हा केली, पानाखालची रक्कम पुढच्या पानावर नीट नेली आहे का तेही पाहिले. बेरीज 5,36,148 च आली. मग तिने दोन्हीकडची नावे मोजली आणि पत्रकात नेमकी 270 रुपयांची एखादी रक्कम आहे का ते पाहिले, कारण एखादी नोंद पूर्णच राहून गेली तर फरक त्या रकमेइतकाच येतो. तशी रक्कम नव्हती. फरकाची निम्मी, म्हणजे 135 रुपयांची रक्कमही नव्हती; जमेची रक्कम नावे बाजूला पडली असती तर ती निम्म्यावर सापडली असती.

यानंतर तिने 270 ला नऊने भागले. भाग पुरता गेला, 30 आले. लिहिताना दोन शेजारचे अंक उलटे पडले, तर खरी आणि चुकीची रक्कम यांतील फरकाला नेहमी नऊने भाग जातो. एकक-दशक उलटले तर फरक नऊच्या पटीत येतो, दशक-शतक उलटले तर नव्वदच्या, शतक-हजार उलटले तर नऊशेच्या. 270 म्हणजे नव्वदची तिप्पट. म्हणून उलटापालट दशक आणि शतक यांची झाली असावी आणि त्या दोन अंकांत तीनचा फरक असावा. खातेवहीची बेरीज कमी होती, त्यामुळे पत्रकातील खऱ्या रकमेत शतकाचा अंक दशकाच्या अंकापेक्षा तीनने मोठा असणार. या अटीत बसणाऱ्या रकमा शंभरात सरासरी सातच असतात. 186 नावांतून अशा तेरा-चौदा रकमाच वेगळ्या निघाल्या.

शून्य गळाल्यानेही हाच फरक येतो. 300 रुपयांऐवजी 30 लिहिले गेले तरी 270 च कमी पडतात आणि नऊने भाग जातो. पत्रकात 300 रुपयांची निव्वळ रक्कम कुणाचीच नव्हती, म्हणून ती वाट तेथेच बंद झाली. संकलनाच्या नोंदीत मात्र हा प्रकार वारंवार दिसतो: साडेसहा लिटरऐवजी 65 लिटर पडले, तर फरक साडेअठ्ठावन्न लिटरचा, म्हणजे साडेसहाच्या बरोबर नऊपट असतो.

वेगळ्या काढलेल्या रकमांतील सातव्या नावाशी शोध थांबला. पत्रकात 2,744 रुपये होते, खात्यावर 2,474.

येथे आणखी एक चूक सहज होते. आकडे उलटे दिसले की पत्रकच बरोबर असे धरून खाते दुरुस्त केले जाते. नऊचा भाग जाणे ही केवळ शोधाची खूण आहे. दोनपैकी कोणता आकडा खरा हे त्यावरून ठरत नाही. लिपिकाने त्या सभासदाच्या वीस पाळ्यांच्या पावत्यांवरून रक्कम पुन्हा मांडली. म्हशीचे 72 लिटर दूध, पाळीपाळीच्या फॅटप्रमाणे मिळून 3,744 रुपये, त्यातून पशुखाद्याचा हजाराचा हप्ता वजा, म्हणजे 2,744. सभासदाकडच्या दूध पुस्तकातील लिटरही जुळले. पत्रक बरोबर ठरले.

दुरुस्तीची पद्धतही पाहायला हवी. चुकीचा आकडा खोडून किंवा गिरवून त्यावर नवा लिहू नये. तो वाचता येईल अशी एकच आडवी रेघ मारून वर योग्य रक्कम लिहावी आणि बाजूला सही व तारीख घालावी. लेखापरीक्षकाला खाडाखोड खटकते, असा मोकळा दिसणारा बदल खटकत नाही. चूक फक्त सभासदाच्या खात्यावर उतरवताना झाली होती, किर्दीतील दूध बिलाची एकूण रक्कम पत्रकाप्रमाणे बरोबरच होती. अशा वेळी किर्दीत 270 रुपयांची दोन्ही बाजूंची दुरुस्ती नोंद घातली तर जुळलेली किर्द उगाच बिघडते. पैसे चुकीचे वाटून झाले असते, तर मात्र किर्दीची जोड लागली असती: सभासदाचे 270 रुपये संस्थेकडे देणे म्हणून उभे राहिले असते आणि पुढच्या बिलात तपशिलासह जमा करावे लागले असते.

या पद्धतीला मर्यादा आहे. रक्कम बरोबर पण खाते चुकीचे असेल, तर बेरीज तंतोतंत जुळते आणि कोणतीही भागाकाराची युक्ती कामाची राहत नाही. एका गावात एकाच आडनावाचे आणि एकाच नावाचे चार-पाच सभासद असतात, त्यात कोड क्रमांक 47 आणि 74 यांसारखे असले की रक्कम शेजारच्या घरी जाते. असे प्रकार सभासद विचारायला आला की उघड होतात, किंवा खतावणी नावाऐवजी कोड क्रमांकावरून केली की टळतात. दोघे मिळून खतावणी करत असतील तर वाचणाऱ्याने कोड आधी, मग रक्कम अंकाअंकाने, “दोन, सात, चार, चार” अशी सांगावी आणि लिहिणाऱ्याने ती परत म्हणून दाखवावी. पत्रकावर खूण त्यानंतरच करावी.

दुरुस्तीनंतर लिपिकाने केवळ 270 मिळवले नाहीत, खातेवहीची बेरीज पहिल्या पानापासून पुन्हा केली. ती 5,36,418 आली. बँकेची यादी मात्र दुरुस्तीआधीच टंकून ठेवली होती आणि तीत त्या सभासदापुढे अजूनही 2,474 च होते. म्हणून सचिवांची सही घेण्याआधी ती एक ओळ बदलून यादीची बेरीजही वेगळी करावी लागली.