विल्किन्सन सायकलमध्ये अठरा मोजताना या चुका टाळा

नागपुरात एमएस्सीच्या पोरांच्या वह्या तपासतो, आणि दरवर्षी त्याच त्या चुका. गणित दोनचंच असतं पण घाई एवढी की सायकल पाठ करून आकडे नंतर चिकटवतात.

सगळ्यात डोकं फिरवणारी चूक म्हणजे दोन पद्धतींची खिचडी. RhCl(PPh3)3 मध्ये आयनिक पद्धतीने र्‍होडियम एक, म्हणजे d8, क्लोराइडचे 2, तीन फॉस्फीनचे 6, झाले 16. न्यूट्रल पद्धतीने र्‍होडियमचे 9, क्लोरीनचा 1, फॉस्फीनचे 6, तरी 16च. पण पोरं 8 घेतात अन् क्लोरीनचा 1 धरतात, 15 येतात, आणि पुढं चालून राहिले बिनधास्त! इथं विषम आकडा आला की पेन खाली ठेवा. आणि 16 बघून सॉल्व्हंट चिकटवून 18 करायला जाऊ नका, चौकोनी सपाट d8 ला 16 मध्ये काहीच त्रास नसतो.

आता फॉस्फीनचा किस्सा. आमच्या लॅबमधल्या एका पोराने सायक्लोहेक्झीन घेतलं, हायड्रोजनचा फुगा लावला आणि 'कॅटॅलिस्ट टिकेल' म्हणून वरून चांगलं चमचाभर ट्रायफिनाइलफॉस्फीन टाकलं. लालसर सोल्युशन फिकट पिवळं झालं, गडी खूश, मला दाखवायला आला. संध्याकाळी जीसीत बघतो तर जवळपास सगळं सायक्लोहेक्झीनच. म्हटलं काहून बे, मोजलं का? हायड्रोजन लागून RhH2Cl(PPh3)3 झालं, तिथं 18 भरले. रंग त्याचाच होता. पण आता अल्कीन बसणार कुठं? आधी एक फॉस्फीन सुटून 16 व्हायला पाहिजे, आणि बाहेर फॉस्फीनचा ढीग असला की सुटलेला लगेच परत बसतो. त्याच कारणाने सुरुवातीलाच फॉस्फीन सुटून 14 वाला RhCl(PPh3)2 झाला तर हायड्रोजन त्याच्यावर कितीतरी पटीने वेगात लागतो, पण असा मोकळा 14 वाला जास्तीच्या फॉस्फीनमध्ये मिळतच नाही. दुसऱ्या दिवशी वरचं फॉस्फीन न टाकता लावलं, रिअॅक्शन धावली.

दुसरी माझी नावडती चूक इन्सर्शनची. RhH2Cl(PPh3)2 वर अल्कीन आलं, 16 चे 18. मग हायड्राइड अल्कीनवर सरकतो, आणि पोरं म्हणतात सर, काही निघालंच नाही, म्हणजे 18च. अरे, अल्कीन आणि हायड्राइड मिळून एकच अल्काइल झाला ना! d6 चे 6, हायड्राइड 2, अल्काइल 2, क्लोराइड 2, फॉस्फीन 4, झाले 16, आणि र्‍होडियम तीनचा तीनच. मी प्रत्येक स्टेपच्या खाली दोन ओळी लिहितो, ऑक्सिडेशन स्टेट आणि काउंट, कारण इथं एक बदलतं अन् दुसरं नाही. शेवटी अल्केन सुटताना मात्र दोन्ही खाली येतात, तीनचा एक आणि 16 चे 14.

बाकी, अल्डिहाइड असलेल्या सबस्ट्रेटवर हे वापरताना जपून, र्‍होडियम त्यातला CO ओढून घेतो आणि RhCl(CO)(PPh3)2 होऊन बसतं. मोजा, तेही 16च, पण हायड्रोजनेशनला जवळपास निकामी.