पुण्यात मिळकत कर ऑनलाइन भरताना: आधी खातं जुळवा, मग पैसे भरा

मिळकत कराचे पैसे कोणी भरले, याकडे महापालिकेची यंत्रणा पाहत नाही. तुम्ही जो खाते क्रमांक टाकाल, त्याच्या नावावर रक्कम जमा होते. आमच्या आत्याने दोन वर्षांपूर्वी एक आकडा चुकवला आणि शेजारच्या फ्लॅटचा कर भरून टाकला. सोसायटीतल्या फ्लॅटचे खाते क्रमांक बहुतेकदा ओळीने लागलेले असतात. त्यामुळे चुकीचा आकडाही 'बरोबर' निघतो, समोर खरंखुरं खातं उघडतं आणि पडद्यावर कुठलीच सूचना येत नाही.

म्हणून सुरुवात बिलापासून करा. मागच्या वर्षीचं बिल किंवा पावती समोर ठेवा. पुण्यातल्या मिळकतीच्या क्रमांकाचे तीन तुकडे असतात: विभागाचं इंग्रजी अक्षर, पेठेचा क्रमांक आणि मग खाते क्रमांक. propertytax.punecorporation.org या संकेतस्थळावर हे तिन्ही वेगवेगळे भरावे लागतात. पत्ता हाताने टाइप करा किंवा महापालिकेच्या मुख्य संकेतस्थळावरून आत जा. व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा एसएमएसने 'कर थकला आहे, इथे भरा' म्हणून आलेल्या दुव्यावरून जाऊ नका.

खातं उघडलं की लगेच रकमेकडे पाहण्याची सवय असते. ती मोडा. आधी तीन गोष्टी बिलाशी ताडून पाहा. पहिली नाव, दुसरी पत्ता आणि त्यातला फ्लॅट क्रमांक, तिसरी मागील थकबाकी. यात सर्वांत भरवशाचा फ्लॅट क्रमांक आहे. नाव फसवू शकतं, कारण फ्लॅट पुनर्विक्रीत घेतला असेल आणि महापालिकेत नावाची नोंद बदलून घेतली नसेल, तर तिथे जुन्या मालकाचंच नाव दिसणार. अशा वेळी खरेदीखतातला फ्लॅट, इमारत आणि सर्व्हे क्रमांक पत्त्याशी जुळवा. जुळला तर कर बिनधास्त भरा, पण पावतीवर नाव जुन्या मालकाचंच छापून येईल. नाव बदलण्याचा अर्ज वेगळा करावा लागतो, कर भरल्याने नाव आपोआप बदलत नाही. आणि कराची पावती म्हणजे मालकीचा पुरावा नव्हे, तो कर भरल्याचा पुरावा आहे.

थकबाकीचा आकडा अनपेक्षित दिसला तर पैसे भरण्याआधी जुन्या पावत्या काढा. मागच्या वर्षी तुम्ही भरले असतील आणि तरी बाकी दिसत असेल, तर बहुधा ते दुसऱ्या खात्यात गेलेले असतात. आत्याची चूक नेमकी अशीच उघडकीला आली. तिच्याजवळची पावती शेजारच्या खाते क्रमांकाची होती, म्हणून किमान कुठे शोधायचं हे तरी कळलं. ती पावती आणि बँकेचं विवरणपत्र घेऊन ती कर कार्यालयात गेली, लेखी अर्ज दिला आणि रक्कम तिच्या खात्याकडे वळवून घेतली.

आता रक्कम. महापालिकेचं वर्ष 1 एप्रिल ते 31 मार्च, आणि बिल दोन सहामाहींचं असतं. बिलावर छापलेल्या मुदतीत पूर्ण वर्षाचा कर भरला तर सवलत मिळते, पण ती सर्वसाधारण करावर असते, बिलाच्या एकूण रकमेवर नाही. समजा एकूण बिल 12,000 रुपयांचं आहे आणि त्यात सर्वसाधारण कर 5,000 आहे. 5 टक्के सवलत म्हणजे 250 रुपये, 600 नव्हे. आकडा कमी वाटला म्हणून गोंधळू नका.

पैसे भरताना मोबाइल आणि ईमेल स्वतःचाच द्या. एजंटाचा किंवा सायबर कॅफेवाल्याचा दिलात तर पावतीचा दुवा त्याच्याकडे जातो.

पैसे खात्यातून गेले आणि पावती आलीच नाही, तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका. व्यवहार क्रमांक लिहून ठेवा, बँकेतली नोंद जतन करा आणि थांबा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे यूपीआयने किंवा कार्डाने ऑनलाइन दिलेली रक्कम समोरच्याकडे पोहोचल्याची पक्की खबर आली नाही, तर ती व्यवहारानंतर 5 दिवसांत आपोआप परत यायला हवी. तोवर संकेतस्थळावर तेच खातं उघडून पाहा. बाकी शून्य झाली असेल, तर पैसे पोहोचले आहेत आणि फक्त पावती उतरवायची राहिली आहे. बाकी तशीच असेल आणि पैसेही परत आले नसतील, तर व्यवहार क्रमांकासह बँकेकडे तक्रार करा.

पावती पीडीएफ स्वरूपात उतरवा. 'पैसे यशस्वी' असं दाखवणारा स्क्रीनशॉट पुरेसा नाही, कारण त्यावर बहुतेक वेळा खाते क्रमांक आणि कालावधी नसतो. पावती उघडून चार गोष्टी पाहा: खाते क्रमांक, कोणत्या कालावधीचा कर, रक्कम आणि पावती क्रमांक. मग फाइलला असं नाव द्या की पाच वर्षांनी शोधतानाही ती सापडेल:

```
milkatkar_2025-26_khate-kramank.pdf
```

शेवटच्या शब्दांच्या जागी स्वतःचा क्रमांक घाला. एक प्रत स्वतःलाच ईमेल करा. बँकेच्या विवरणपत्राचं त्या महिन्याचं पानही त्याच फोल्डरमध्ये ठेवा, विशेषतः पावतीवर जुन्या मालकाचं नाव असेल तर. पैसे तुमच्या खात्यातून गेले, हे त्या पानावरूनच सिद्ध होतं.

आठवडाभराने खातं पुन्हा उघडा आणि बाकी शून्य आहे ना, ते पाहा.