एन्डोस्कोपी किंवा नाकातल्या नळीमुळे घसा दुखतोय? या चुका टाळा

तक्रार एकच असली तरी आधी एक गोष्ट बघा: घशात गेलेली वस्तू बाहेर आली आहे की अजून आतच आहे? उपाय त्यावर ठरतो.

एन्डोस्कोपीची दुर्बीण साधारण एक सेंटिमीटर जाडीची असते. ती घासल्याने येणारी सूज बहुधा एक-दोन दिवसांत उतरते. इथे चूक होते ती घाईची. घसा बधिर करणाऱ्या स्प्रेचा परिणाम अर्धा ते एक तास टिकतो. तेवढ्यात पाणी प्यायलं तर ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. बधिरपणा गेला की आधी पाण्याचा छोटा घोट घ्या. तो सहज गिळता आला की मऊ, फार गरम नसलेलं खाणं. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून गुळण्या केल्या की आराम पडतो. दुखणं जास्त असेल तर सहसा पॅरासिटामॉल पुरतं. तपासणीसाठी आतला तुकडा काढला असेल, तर आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत.

नाकातून पोटात गेलेल्या नळीचं, म्हणजे राईल्स ट्यूबचं, तसं नाही. दर गिळण्याला ती घशात घासते. तोंडाने खाणं बंद असल्याने लाळ कमी सुटते आणि घसा कोरडा पडतो. घरचे लोक मायेने गुळण्या करायला लावतात किंवा चघळायची गोळी देतात. पण अनेकांना नळी घातलेली असते तीच मुळी गिळता येत नाही म्हणून! पाणी किंवा गोळी चुकीच्या वाटेने गेली तर जिवावर बेतू शकतं.

समजा, तिसऱ्या दिवशी रुग्ण एकाच बाजूला बोचतंय म्हणतो. आधी नाकावरची चिकटपट्टी बघा. ती सुटली असेल तर नळी जास्त सरकते आणि घासते. नाकपुडीपाशी असलेली नळीवरची खूण जागेवर असेल तर नर्सकडून पट्टी बदलून घ्या. नळी नाकपुडीवर दाबली जाऊ नये. दर काही तासांनी ओलसर, निथळलेल्या स्पंजने तोंड आणि ओठ पुसा. नाकपुडीला पेट्रोलियम जेली नको, पाण्यात विरघळणारी जेली लावा. खूण सरकलेली दिसली तर नळी स्वतः आत ढकलू नका. तिची जागा तपासली जाईपर्यंत तिच्यातून काहीही देऊ नका, पाणीसुद्धा नाही.

एन्डोस्कोपीनंतर दुखणं वाढत गेलं, ताप आला, मानेत किंवा छातीत जोराची कळ आली, मानेची त्वचा दाबल्यावर करकरली, रक्ताची उलटी किंवा काळी शी झाली, तर लगेच हॉस्पिटल गाठा. नळी असताना आवाज बसला तर डॉक्टरांना त्याच दिवशी सांगा. श्वास घेताना घरघर किंवा शिट्टीसारखा आवाज येऊ लागला तर मात्र क्षणभरही थांबू नका, स्वरयंत्राला सूज आलेली असू शकते.