अल्ट्रावाइड मॉनिटरवर कन्सोल जोडताना: काळे पट्टे, ताणलेलं चित्र आणि एक मोजपट्टी

दिवाळीत साताऱ्याहून भाचा आला तो प्लेस्टेशन ५ पिशवीत घालूनच. आमच्या सांगलीच्या घरात संध्याकाळी टीव्ही आईच्या मालिकांसाठी राखीव असतो, म्हणून त्याने कन्सोल थेट माझ्या कामाच्या मॉनिटरला जोडला. मॉनिटर ३४ इंची अल्ट्रावाइड, ३४४० × १४४० पिक्सेलचा. फुटबॉलचा गेम सुरू झाला, पडदा या टोकापासून त्या टोकापर्यंत भरला आणि स्वारी खूश झाली. पाच मिनिटांनी आतून हाक आली, "मामा, ह्यात सगळेच खेळाडू जाडे का दिसतायत?"

जाडे होतेच, आणि चेंडू तर आडव्या अंड्यासारखा. कन्सोल ठीक होता आणि केबलही ठीक होती. मॉनिटर त्याच्याकडे आलेलं चित्र ओढून रुंद करत होता, एवढंच.

प्लेस्टेशन ५ किंवा एक्सबॉक्स सीरीज एक्स आणि एस १०८०पी, १४४०पी किंवा ४के चित्र पाठवतात, आणि ही सगळी मापं १६:९ या प्रमाणातली, म्हणजे आपल्या नेहमीच्या टीव्हीची. ३४४० × १४४० हे माप कन्सोलच्या यादीतच नाही. मॉनिटरने कितीही सांगितलं की मी एवढा रुंद आहे, तरी कन्सोल आपल्या यादीतलंच माप निवडतो. माझ्या मॉनिटरची उंची १४४० पिक्सेल, तेव्हा १६:९ चित्राला २५६० पिक्सेल रुंदी पुरते. उरतात ८८०, म्हणजे दोन्ही बाजूंना ४४० पिक्सेलचा एकेक काळा पट्टा. तो नको असेल तर मॉनिटरला २५६० चे ३४४० करावे लागतात, म्हणजे चित्र आडवं ३४ टक्क्यांनी फुगतं. ताणल्याने मैदान जास्त दिसतं अशी भाच्याची समजूत होती. तसं होत नाही. किती मैदान दाखवायचं हे गेम ठरवतो आणि त्याने १६:९ पुरतंच काढलेलं असतं. तेवढंच मैदान जास्त जागेत पसरतं.

आता दुरुस्ती. कन्सोल चालू ठेवून, त्याचं चित्र पडद्यावर असतानाच मॉनिटरच्या बटणाने त्याचा स्वतःचा मेनू उघडा. कॉम्प्युटरवर असताना हे करून उपयोग नाही. कॉम्प्युटर पूर्ण ३४४० चं चित्र पाठवतो, त्यामुळे तिथे पर्याय बदलला तरी फरक दिसत नाही, आणि बरेच मॉनिटर प्रत्येक एचडीएमआय पोर्टची सेटिंग वेगळी लक्षात ठेवतात. मेनूत `Aspect Ratio`, `Image Size` किंवा `Screen Size` असं काहीतरी सापडेल. त्यात `Full` किंवा `Wide` असेल तर ताण तिथूनच येतोय. `Original`, `Auto` किंवा `16:9` निवडा. नावं कंपनीगणिक बदलतात, पण निवडल्यावर बाजूला पट्टे आले की समजा बरोबर जागी पोचलात.

माझी गाडी इथेच अडली. तो पर्याय करडा पडलेला, बटण दाबलं तरी हलेना. अर्धा तास केबल बदलून पाहण्यात गेला. शेवटी `FreeSync`, म्हणजे पडद्याचा वेग गेमच्या वेगाशी जुळवणारी सोय, बंद केलं आणि पर्याय उजळला. काही मॉनिटरमध्ये ही दोन्ही कामं एकत्र चालत नाहीत, म्हणून एक चालू असलं की दुसऱ्याला कुलूप लागतं. तुमच्याकडे पर्याय करडा दिसला तर केबलकडे जाण्याआधी `FreeSync` किंवा `Adaptive-Sync` बघा.

मेनूत `1:1` दिसलं तर जरा थांबा. त्यात प्रत्येक पिक्सेल जसाच्या तसा दाखवला जातो. कन्सोल १०८०पी पाठवत असेल तर चित्र मधोमध छोटं राहतं आणि चारही बाजूंनी काळं होतं. `Zoom` तर गेमसाठी नकोच: रुंदी भरण्यासाठी तो वरखाली मिळून चित्राचा साधारण चौथा भाग कापतो, आणि स्कोअर बहुतेक तिथेच असतो.

यानंतर कन्सोलची बाजू. प्लेस्टेशनवर इथे जा:

```
Settings > Screen and Video > Video Output
```

तिथे `Test 1440p Output` आहे, तो करून पाहा. चाचणी पास झाली तर `Resolution` मध्ये `1440p` निवडा, कारण मॉनिटरची उंची १४४० आहे आणि मग चित्र मोठं-लहान करावं लागत नाही. हा १४४०पी पर्याय प्लेस्टेशनला सप्टेंबर २०२२ च्या अपडेटमध्ये आला, तेव्हा कन्सोल बरेच दिवस कपाटात पडून असेल तर आधी अपडेट करा. चाचणी नापास झाली आणि मॉनिटर ४के सिग्नल घेत असेल तर `2160p` चालेल. मॉनिटर ते लहान करून दाखवतो, पट्टे तेवढेच राहतात. फक्त `1080p` मिळत असेल तर चित्र थोडं मऊ दिसेल, त्याला इलाज नाही. एक्सबॉक्सवर हेच `General > TV & display options` मध्ये आहे.

सेटिंग लागलं का हे नजरेने ओळखायला जाऊ नका, डोळा पाच मिनिटांत जाड्या खेळाडूंना सरावतो. मी भाच्याच्या हातात शिवणकामाची टेप दिली. ३४ इंची पडद्यावर चित्राची उंची साधारण ३३ सेंटिमीटर भरते, आणि १६:९ असेल तर रुंदी ५९ च्या आसपास यायला हवी. बाजूचे पट्टे मग प्रत्येकी १० सेंटिमीटर. त्याने मोजलं ते ५९ आलं. रुंदी ८० भरली असती तर चित्र अजून ताणलेलंच. रुंदी ४४ आणि उंची २५ आली असती तर `1:1` वर १०८०पी चाललंय असं समजायचं. दुसऱ्या मापाच्या मॉनिटरवर उंचीला १६ ने गुणून ९ ने भागा.

मोजल्यावर साहेबांचा चेहरा पडला. "म्हणजे आता हा लहान झाला?" झालाच. मधल्या चित्राचं तिरपं माप काढलं तर जेमतेम २७ इंच येतं. मग उरलेल्या जागेत काही बसवता येईल का, हा पुढचा प्रश्न. `PBP` नावाची सोय आहे, त्यात कॉम्प्युटर आणि कन्सोल शेजारीशेजारी दिसतात. पण बहुतेक मॉनिटर पडदा सरळ अर्धा वाटतात. कन्सोलच्या वाट्याला १७२० पिक्सेल रुंदी येते, त्यात १६:९ चित्र ९६८ पिक्सेल उंचीचंच बसतं, आणि आता काळे पट्टे वरखाली येतात. आम्ही करून पाहिलं आणि दोन मिनिटांत बंद केलं.

एक अपवाद मात्र सांगण्यासारखा आहे. काही गेममध्ये मुद्दाम सिनेमासारखं रुंद चित्र असतं, ज्यात वरखाली काळे पट्टे गेमनेच काढलेले असतात. असं चित्र अल्ट्रावाइडवर आलं की चारही बाजूंनी काळी चौकट दिसते. तिथे मॉनिटरचा `Zoom` किंवा `Cinema` कामाला येतो: वरखालचं जे कापलं जातं ते काळंच असतं, आणि चित्र न ताणता पडदा जवळपास भरतो. गेम बदलला की सेटिंग परत आणायला विसरू नका.

मॉनिटर ओएलईडी असेल तर रोज तासन् तास पट्ट्यांसह खेळताना थोडं जपा. मधले पिक्सेल झिजतात आणि काठाचे ताजे राहतात, त्यामुळे काही वर्षांनी पूर्ण पांढऱ्या पानावर मधला चौकोन वेगळा दिसू शकतो. माझा साधा आयपीएस आहे, त्याला ही भीती नाही. फक्त अंधाऱ्या खोलीत त्याचे पट्टे काळे न दिसता राखाडी दिसतात, म्हणून मागच्या भिंतीवरचा छोटा दिवा चालू ठेवला.

भाऊबीजेला ताई आली तेव्हा भाच्याने तिच्याकडे माझ्यासारखाच अल्ट्रावाइड मागितला. मी तिला बाजूला घेऊन सांगितलं की नुसता कन्सोल लावायचा असेल तर २५६० × १४४० चा २७ इंची साधा मॉनिटर घे, चित्र एवढंच दिसेल.